दुखण्याची गोळी देण्याआधी आजींना लघवी किती वेळा झाली ते विचारा

गेल्या मे महिन्यात एका मंगळवारी सकाळी ७२ वर्षांच्या एका काकूंना त्यांचा मुलगा दवाखान्यात घेऊन आला. तीन दिवसांपूर्वी त्या भाच्याच्या लग्नात नाचल्या होत्या, आणि आता खुर्चीत धड बसवत नव्हतं. जीभ कोरडी पडलेली. बोलता बोलता डोळे मिटत होते. मुलगा म्हणाला, "लग्नातलं जेवण बाधलं, जुलाब झाले. आता जुलाब थांबलेत, पण अशक्तपणा जात नाही." मी विचारलं, लघवीला शेवटचं कधी गेल्या? त्याने आईकडे पाहिलं. तिलाही आठवेना. बहुतेक आदल्या दिवशी दुपारी.

त्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढणारं रसायन, ३.४ निघालं. फेब्रुवारीत ते १.१ होतं. पोटॅशियम ५.९, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडवू शकेल इतकं वाढलेलं. हिमोग्लोबिन ११.६ वरून ९.८ वर उतरलेलं. हा जुलाबांचा एकट्याचा प्रताप नव्हता. त्यांची पर्स रिकामी केली तेव्हा तीन स्ट्रिपा निघाल्या, आणि सगळी गोष्ट तिथेच उलगडली.

पाच दिवसांत काय घडलं

काकूंना बारा वर्षांपासून बीपी आहे. रोज सकाळी एक गोळी, तिच्यात दोन औषधं: टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५. दुसरं औषध लघवी वाढवणारं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्याशिवाय रक्त पातळ ठेवायची ॲस्पिरिन ७५. गुडघे झिजलेले, म्हणून कधीमधी डायक्लोफिनॅक ५० मिलिग्रॅम. हे सगळं हिवाळ्यात व्यवस्थित चाललं होतं.

गुरुवारी त्यांनी सात तास एसटीचा प्रवास केला. वाटेत उतरायला लागू नये म्हणून दिवसभरात एक कप चहा आणि दोन घोट पाणी, एवढंच घेतलं. आपल्याकडच्या बायका प्रवासात हे हमखास करतात, आणि स्टँडवरच्या संडासांची अवस्था पाहता त्यांना दोष देता येत नाही. रात्री गुडघे सुजले, एक डायक्लोफिनॅक घेतली. शुक्रवारी हळद, दोन गोळ्या. शनिवारी लग्न, पुन्हा दोन. शनिवारी रात्री जुलाब सुरू झाले, सात-आठ वेळा. रविवारी सकाळी, न चुकता, बीपीची गोळी आणि ॲस्पिरिन. अंग मोडून आलं म्हणून भाच्याने घरातली आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिली, दिवसातून दोनदा. गुडघ्यासाठी काकूंनी रात्री स्वतःची डायक्लोफिनॅक घेतलीच. दोन्ही गोळ्या एकाच जातीच्या आहेत हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. सोमवारी मळमळ सुरू झाली, तिला ॲसिडिटी समजून पातळ औषध दिलं गेलं. शौच काळी झाली, पण ते काकूंनी कोणाला सांगितलं नाही.

आत काय बिघडतं

डायक्लोफिनॅकसारखी गोळी दुखणं कमी करते, कारण ती शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनू देत नाही. सूज आणि वेदना याच रसायनांमुळे होतात. पण तीच रसायनं पोटात आणि किडनीत राखणदारी करतात. गोळीला दोन्हींत फरक करता येत नाही.

किडनी समजायला गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. किडनीतल्या प्रत्येक बारीक गाळणीला रक्त आत आणणारी एक नळी असते आणि बाहेर नेणारी एक. गाळण्यासाठी दाब लागतो. टाकीत पाणी भरपूर असेल तेव्हा दाब आपोआप मिळतो, आणि अशा वेळी निरोगी माणसाने दोन दिवस दुखण्याची गोळी घेतली तर किडनीला सहसा काही होत नाही. टाकी उतरली, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं, की किडनी दोन युक्त्या करते. प्रोस्टाग्लँडिनच्या मदतीने आत येणारी नळी रुंद करते आणि अँजिओटेन्सिन नावाच्या दुसऱ्या रसायनाच्या मदतीने बाहेर जाणारी नळी आवळते. असा दाब टिकवून ती लघवी तयार करत राहते.

आता काकूंच्या गोळ्या पुन्हा बघा. डायक्लोफिनॅक आणि आयब्युप्रोफेनने आत येणारी नळी अरुंद केली. टेल्मिसार्टनने अँजिओटेन्सिनला अडवून बाहेर जाणारी नळी सैल सोडली. लघवी वाढवणाऱ्या औषधाने आणि जुलाबांनी टाकीच रिकामी केली. किडनीला बचावाची एकही वाट उरली नाही. यातली एकेक गोळी एकटीने वाईट नाही. टेल्मिसार्टन तर कितीतरी रुग्णांच्या किडनीचं रक्षण करतं. घात झाला तो तिन्ही गोष्टी एकाच दिवशी जुळून आल्यामुळे.

पोटाचं गणित निराळं आहे. तिथे प्रोस्टाग्लँडिन जठराच्या आतल्या अस्तरावर बुळबुळीत थर राखतात आणि त्याचा रक्तपुरवठा टिकवतात. ते नसले की जठरातलं आम्ल स्वतःच्याच भिंतीला खाऊ लागतं. गोळी रक्तात शिरल्यावर हे घडतं, म्हणून इंजेक्शन घेतलं किंवा गुदद्वारातून औषध दिलं तरी पोट सुटत नाही. "इंजेक्शन पोटातून जात नाही, त्यामुळे ॲसिडिटी होत नाही" हा समज फार पक्का बसलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. त्यात रोजची ॲस्पिरिन असेल तर रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. म्हाताऱ्या माणसांत व्रण बऱ्याचदा दुखतही नाही. दुखण्याची गोळी त्याची कळही दाबते, आणि पहिली खूण थेट काळी शौच किंवा अचानक आलेली चक्कर असते.

डायक्लोफिनॅक किडनीचं काय करू शकतं याची एक साक्ष आपल्या आभाळाने दिलेली आहे. औषध टोचलेली गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या आणि भारतातली गिधाडं जवळजवळ संपली. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद करण्यात आलं. माणसाचं शरीर गिधाडापेक्षा हे औषध कितीतरी सहज पचवतं, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण किडनीशी त्याचा संबंध किती जवळचा आहे ते यातून कळतं.

पहिलं काम: गोळ्यांची पिशवी उलटी करा

घरातल्या ज्येष्ठांच्या सगळ्या गोळ्या एका ताटात काढा. डबा, पर्स, उशीखालची स्ट्रिप, देवघराच्या कोनाड्यातली पुडी, सगळं. स्ट्रिपच्या पुढचं मोठं नाव कंपनीने ठेवलेलं असतं, ते सोडून द्या. मागे किंवा खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते वाचा. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड, पिरॉक्सिकॅम, एटोरिकॉक्सिब, केटोरोलॅक, मेफेनॅमिक ॲसिड: यांतलं कोणतंही नाव दिसलं की त्यावर लाल पेनने खूण करा. ही सगळी एकाच कुळातली आहेत. एकाच वेळी यांतल्या दोन कधीही द्यायच्या नाहीत. एटोरिकॉक्सिब पोटाला थोडं सौम्य असतं, म्हणून ते "सेफ" म्हणून दिलं जातं, पण किडनीच्या बाबतीत ते याच रांगेत बसतं.

पॅरासिटामॉल या कुळातलं नाही. मात्र बाजारातल्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन असतं, त्यामुळे "मी फक्त पॅरासिटामॉलच दिली" असं सांगणाऱ्यांनी स्ट्रिप पुन्हा एकदा बघावी.

कागदाच्या पुडीत मिळालेल्या सुट्या, बिननावाच्या गोळ्या आणि सांधेदुखीवरची खुली चूर्णं यांच्याबद्दल मी सरळ सांगतो: घेऊ नका. अशा चूर्णांत स्टेरॉइड आणि दुखण्याची औषधं मिसळलेली सापडली आहेत. दोन दिवसांत गुडघे "एकदम मोकळे" झाले, तर आनंद होण्याआधी शंका घ्या.

दुसरं काम: क्रिएटिनिनचा जुना कागद शोधा

क्रिएटिनिन १.१ आलं की लॅबच्या कागदावर ते बहुधा नॉर्मल म्हणून छापलेलं असतं. पण हे रसायन स्नायूंतून येतं, आणि म्हाताऱ्या माणसाचे स्नायू आटलेले असतात. म्हणून आकडा कमी दिसतो. ३० वर्षांच्या पुरुषात १.१ म्हणजे गाळण्याचा वेग साधारण ९० च्या वर. ७२ वर्षांच्या काकूंमध्ये त्याच १.१ चा वेग येतो सुमारे ५३. म्हणजे फेब्रुवारीतच त्यांची किडनी जवळजवळ निम्म्या ताकदीवर चालत होती, आणि कागदावर सगळं ठीक होतं. हा गाळण्याचा वेग कागदावर ईजीएफआर या नावाने लिहिलेला असेल तर तो आकडा बघा, नसेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या. तो ६० च्या खाली असेल तर लाल खुणेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. ३० च्या खाली असेल तर नकोतच.

पूर्वी कधी पोटातून रक्त गेलं असेल, हृदयाचं पंपिंग कमी असेल, किंवा वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, त्यांनीही त्या टाळाव्यात. हृदयविकार असलेल्यांना डायक्लोफिनॅकने वेगळाच धोका आहे, तो असा की त्याने हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता वाढते.

गोळी देण्याआधी, प्रत्येक वेळी

वयाबरोबर तहान लागणंच कमी होतं. "तहान नाही" याचा अर्थ "पाणी पुरेसं आहे" असा होत नाही. कातडी चिमटीत धरून बघायची जुनी पद्धतही या वयात फसवते, कारण कातडी तशीही सैल असते. त्यापेक्षा दुसऱ्या गोष्टी विचारा. सकाळपासून लघवी किती वेळा झाली? रंग फिक्या पिवळ्या पाण्यासारखा आहे की चहासारखा? जीभ ओली आहे का? उभं राहिल्यावर अंधारी येते का? काल-आजमध्ये उलटी, जुलाब, ताप, उपास किंवा उन्हातला प्रवास झाला का?

घरात वजनकाटा असेल तर तो सगळ्यांत खरं सांगतो. एक-दोन दिवसांत एक किलो कमी झालं तर ते जवळपास एक लिटर पाणी असतं. काकूंचं नेहमीचं वजन ५६, त्या मंगळवारी ५३ भरलं.

यांतल्या एकाही उत्तरात खोट दिसली तर त्या दिवशी लाल खुणेची गोळी द्यायची नाही, दुखत असलं तरीही. आधी पाणी. एकादशीच्या निर्जळी उपासात तर नाहीच.

मग दुखतंय त्याचं काय करायचं

दुखणं सोसा असं मी कोणालाही सांगत नाही. गुडघा दुखला की म्हातारं माणूस चालणं थांबवतं आणि न चालल्याने आणखी खंगतं. पण वाट दुसरी आहे.

सुरुवात पॅरासिटामॉलने करा. ५०० मिलिग्रॅम, गरज पडली तर ६५०, दोन वेळांत किमान सहा तास सोडून. ज्येष्ठांसाठी मी दिवसाला ३ ग्रॅमची हद्द ठेवतो. वजन ५० किलोच्या आत असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेतली जात असेल तर त्याहून कमी, डॉक्टर सांगतील तितकंच. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते हिशोबात धरा.

त्याच्या जोडीला डायक्लोफिनॅकचं जेल. नाव तेच असलं तरी कातडीवाटे रक्तात उतरणारं औषध गोळीच्या तुलनेत फारच थोडं असतं, आणि गुडघा किंवा हाताच्या सांध्याला ते चांगलं लागू पडतं. गुडघ्याला दर वेळी बोटभर लांब पट्टी, दिवसातून तीन-चार वेळा, जखम नसलेल्या कातडीवर. लावून वर गरम शेक द्यायचा नाही, शेक वेगळ्या वेळी. निकाल दिसायला आठवडाभर थांबावं लागतं. बहुतेक लोक दोन दिवसांत "याने काही होत नाही" म्हणून ट्यूब फेकून देतात.

एवढ्याने भागलं नाही आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिलीच, तर ती लहानात लहान मात्रेत, तीन ते पाच दिवसांपुरती, जेवणानंतर आणि भरपूर पाण्याबरोबर. सोबत सकाळी नाश्त्याआधी पँटोप्राझोल ४० किंवा ओमेप्राझोल २०. पोटासाठी ही जोड खरोखर उपयोगी आहे. पण किडनीला तिचा शून्य फायदा होतो. "गॅसची गोळी बरोबर घेतो ना" म्हणून निर्धास्त होणारे इथेच चुकतात. बीपीच्या गोळ्या चालू असताना दुखण्याची गोळी पाच दिवसांपुढे गेली, तर दुसऱ्या आठवड्याच्या आत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या. आयब्युप्रोफेनबद्दल आणखी एक: ते ॲस्पिरिनच्या आधी घेतलं तर ॲस्पिरिनचं हृदय सांभाळण्याचं काम अडवतं.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या त्या दिवशी

हा दिवस येण्याआधीच तुमच्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारून ठेवा: "उलट्या-जुलाब झाले तर यांतल्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या?" आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. साधारण नियम असा. दुखण्याची लाल खुणेची गोळी लगेच बंद. लघवी वाढवणारं औषध, टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीची बीपीची गोळी, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन व डापाग्लिफ्लोझिन, यांना सहसा तात्पुरती सुट्टी दिली जाते. नेहमीसारखं खाणं-पिणं सुरू झाल्यावर २४ ते ४८ तासांनी त्या पुन्हा सुरू होतात. इन्सुलिन, स्टेरॉइड, आणि स्टेंट घातल्यानंतरच्या ॲस्पिरिनसारख्या गोळ्या मात्र मनाने थांबवायच्या नाहीत. ज्यांना हृदयाच्या त्रासासाठी लघवीची गोळी दिली आहे त्यांनीही फोन करून विचारल्यावरच.

पाणी द्यायचं ते ओआरएसचं. एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच. अर्ध्या ग्लासात घट्ट कालवलेली पुडी जुलाब वाढवते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. प्रत्येक जुलाबामागे एक ग्लास, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याने. "बीपी आहे, मीठ कसं द्यायचं?" असं बरेच जण विचारतात. जुलाबात मीठ बाहेर चाललेलं असतं, त्या दोन दिवसांत ते भरून काढायचंच. हृदय किंवा किडनीचा जुना आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

शहाळ्याबद्दल मी मुद्दाम लिहितो, कारण आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण तेच घेऊन येतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. लघवी चांगली होत असेल तर हरकत नाही. पण लघवी आटलेली असताना, त्यात टेल्मिसार्टन चालू असताना, ते पोटॅशियम बाहेर पडायला वाट नसते. काकूंना सोमवारी तीन शहाळी पाजली होती. त्यांचं ५.९ पोटॅशियम किडनीमुळे चढलं होतं, त्यात शहाळ्यांची भर पडली.

कधी थांबायचं नाही

आठ तासांत लघवी झाली नाही, पाणीही पोटात ठरत नाही, माणूस गुंगीत आहे किंवा असंबद्ध बोलतंय, उभं राहता येत नाही, दम लागतोय, पायांवर सूज आली आहे: यांतलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका. काळ्या शौचाला तर मुळीच नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, पण ती घट्ट आणि हिरवट-काळी असते. रक्ताची शौच डांबरासारखी चकचकीत, चिकट असते, पाण्याने सहज जात नाही आणि तिचा वास एकदा आला की विसरत नाही. ज्येष्ठ माणसं हे लाजेने सांगत नाहीत, म्हणून थेट विचारावं लागतं. दवाखान्यात जाताना सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या आणि वाटेत दुखण्याचं इंजेक्शन घेऊ नका.

काकूंना भरती केलं. दुखण्याच्या आणि बीपीच्या गोळ्या बंद केल्या, ॲस्पिरिनही थांबवली. पोटॅशियम उतरवणारी औषधं दिली आणि शिरेतून सलाइन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ९.८ वरून ८.४ झालं, तेव्हा मुलगा घाबरला. पण ते अपेक्षित होतं. अंगातलं पाणी आटल्याने रक्त घट्ट झालं होतं आणि आकडा मुळात फुगलेला दिसत होता. पाणी भरल्यावर खरा आकडा समोर आला. दुर्बिणीने जठरात दोन व्रण दिसले, एकावर रक्ताची गुठळी होती. तिथून घेतलेल्या तुकड्यात एच. पायलोरी नावाचे जंतू सापडले, त्यावर दोन आठवड्यांचा वेगळा औषधोपचार झाला. बुधवारी संध्याकाळी लघवी मोकळी होऊ लागली. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन १.९, तीन आठवड्यांनी १.२. डायलिसिस लागलं नाही, कारण जुलाब सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी तरी त्या दवाखान्यात आल्या. दुखण्याच्या गोळ्या आणखी आठवडाभर चालू राहिल्या असत्या तर एवढं भरून आलं असतं असं मी म्हणणार नाही.

बीपीची गोळी पुन्हा सुरू केली, पण लघवीचं औषध वगळून. ॲस्पिरिन मुळात का सुरू झाली होती ते शोधलं, तर कोणालाच कारण सांगता आलं नाही. हृदयाची तपासणी नीट होती, म्हणून ती कायमची बंद केली. गुडघ्याला आता जेल लावतात, आणि खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा मोजेपर्यंत धरायचा व्यायाम, दोन्ही पायांना पंधरा-पंधरा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

दिवाळीत त्या पुन्हा तपासणीला आल्या. पर्समध्ये पाण्याची बाटली होती, आणि स्ट्रिपांच्या जागी घडी घातलेली एक चिठ्ठी. सुनेच्या अक्षरात वर लिहिलं होतं "या चालत नाहीत", खाली नऊ नावं. नातवाच्या दाढदुखीला मेडिकलवाल्याने दिलेली गोळी पाहून काकूंनी ती चिठ्ठी काढली होती, नावं ताडून पाहिली होती आणि स्ट्रिप नातवाच्या हातात देत बजावलं होतं, "तू घे, पण माझ्या डब्यात ठेवू नकोस."